‘एकही चूक सापडली’ चालत नाही, मग ‘एकही चूक सापडली तर’ कसं चालतं?

कोरापान
इंग्रजीतून मराठीत भाषांतरं करते. काल एका करारपत्रात ‘इफ एनी एरर इज फाउंड’ असं होतं. मी लिहिलं, ‘एकही चूक सापडली तर संपूर्ण काम परत पाठवले जाईल.’ तपासणाऱ्या सहकाऱ्याने शेरा मारला: ‘एकही’च्या पुढे ‘नाही’ हवं, नियम आहे.

नियम मलाही पटतो. ‘एकही चूक सापडली नाही’ बरोबर आणि ‘एकही चूक सापडली’ असं कुणी म्हणत नाही, हे लहान मूलही सांगेल. पण ‘तर’ जोडला की माझ्या कानाला ते वाक्य अगदी सरळ वाटतं आणि त्यात ‘नाही’ कुठेच नाही. इंग्रजीतल्या ‘एनी’ आणि ‘एव्हर’चंही असंच आहे म्हणतात. तर ‘एकही’ला नेमकं काय लागतं? ‘नाही’ लागतं की आणखी काही?

शब्दवेडा
सोपं आहे. नकार लागतोच, फक्त तो कधी उघड असतो, कधी लपलेला. ‘एकही पैसा द्यायला त्याने नकार दिला’, ‘एकही पैसा मिळणं अशक्य आहे’, ‘एकही शब्द न बोलता गेला’. तिन्हींत ‘नाही’ हा शब्द नाही, पण अर्थ नकाराचाच. तुमच्या वाक्यातही चूक सापडू नये अशीच इच्छा आहे ना? म्हणजे नकार आला. सहकाऱ्याला एवढंच सांगा.

सदानंदी
मला आधीपासून पडलेला प्रश्न. ‘एकही नाही’ यात ‘एक’ आहे आणि ‘नाही’ आहे, मग ते शून्य कसं होतं? आणि ‘काही नाही असं नाही’ हे दोनदा नाही, म्हणजे होय. तसं बघितलं तर ‘कोणीही आलं नाही’ यात एकदाच नाही आहे, ते बरोबर. पण काही भाषांत दोन नकार मिळूनही नकारच राहतो म्हणतात. त्याचं गणित कुणी समजावेल का?

टवाळखोर
सदानंदी, तुमचा प्रश्न चांगला आहे, पण धागा दुसरा आहे. इथे ‘नाही’ जास्त झाल्याची तक्रार नाही, ‘नाही’ नसताना भागतं कसं याची आहे.

उत्तररात्र
शब्दवेडा, तुमची पहिली तीन वाक्यं बरोबर आहेत. ‘इच्छा’वालं स्पष्टीकरण मात्र टिकणार नाही. ‘एकही माणूस मदतीला आला तर मी आनंदाने नाचेन’ हे म्हणून बघा. चालतं ना? इथे माणूस यावा अशीच इच्छा आहे, नकाराची छटाही नाही.

एडवर्ड क्लिमा यांनी १९६४ मध्ये इंग्रजी नकारावर लांबलचक निबंध लिहिला, तेव्हाच त्यांच्या लक्षात आलं होतं की ‘एनी’, ‘एव्हर’ हे नकाराइतकेच प्रश्नांत आणि ‘इफ’च्या वाक्यांतही सुखाने राहतात. त्यांनी या सगळ्या जागांना एक नाव दिलं, पण त्यांच्यात समान काय, ते नीट सापडलं नव्हतं. ते विल्यम लॅडुसॉ यांच्या १९७९ च्या प्रबंधात सापडलं. शोध नकाराचा नाही, अनुमानाच्या दिशेचा आहे.

करून बघू. सायकल हे एक वाहन आहे. ‘मी सायकल घेतली’ यावरून ‘मी वाहन घेतलं’ हे निघतं. लहान गोष्टीकडून मोठीकडे जाता येतं, उलट जाता येत नाही. आता नकार लावा. ‘मी वाहन घेतलं नाही’ यावरून ‘मी सायकल घेतली नाही’ हे निघतं. दिशा उलटली, मोठ्याकडून लहानाकडे. आता ‘तर’ लावा. ‘वाहन आणलंस तर दंड भर’ हे खरं असेल, तर ‘सायकल आणलीस तर दंड भर’ हेही खरंच. पुन्हा उलटी दिशा आणि ‘नाही’ कुठेच नाही!

‘एकही’ला हवी असते ती ही उलटलेली दिशा. नकार हा ती उलटवण्याचा सगळ्यात ओळखीचा मार्ग, म्हणून आपण तोच नियम समजतो.

कोरापान
हे सहकाऱ्याला दाखवलं, तो गप्प झाला. पण मी ही कसोटी आणखी काही वाक्यांवर लावली आणि एक अडलं. ‘वाहन चालवायला नकार दिला’ वरून ‘सायकल चालवायला नकार दिला’ निघतं, म्हणून ‘एकही’ चालतं, ठीक. पण ‘तो पत्र टाकायला विसरला’ म्हणजे पत्र टाकलं नाहीच. तरी ‘तो एकही पत्र टाकायला विसरला’ माझ्या कानाला खटकतं. नकार इतका जवळ असूनही?

उत्तररात्र
तुमचा कान बरोबर सांगतोय. ‘पत्र टाकायला विसरला’ वरून ‘लाल पाकिटातलं पत्र टाकायला विसरला’ हे निघत नाही. लाल पाकिटाचं त्याच्या मनातच नसेल, तर तो ते विसरेल कसा? विसरणं म्हणजे आधी ठरवलेलं असणं. तिथे अनुमान अडतं.

गंमत अशी की इंग्रजीत विसरण्याच्या क्रियापदाबरोबर ‘एनी’ बिनदिक्कत येतो. अशाच अडचणींसाठी काई फॉन फिंटेल यांनी १९९९ मध्ये कसोटी थोडी सैल केली. वाक्याने जे गृहीत धरलंय ते निष्कर्षातही खरं आहे असं आधी मानून घ्या आणि मगच दिशा तपासा. लाल पाकीट टाकायचं ठरलं होतं, हे मान्य केलं की अनुमान सुटतं. ‘एनी’ या सैल कसोटीवर खूश आहे, ‘एकही’ला मात्र कडक कसोटी लागते असं दिसतं. एकाच घराण्यातले असले तरी सगळे सारखे नाहीत.

वाटसरू
‘एकही पैसा मिळणं अशक्य आहे’ मान्य. ‘एकही चूक सापडली तर’ हे मात्र मी बोलणार नाही. मी ‘एक जरी चूक सापडली तर’ म्हणेन. तुमचं वाक्य चूक नाही म्हणत, पण ते छापील वाटतं.

शब्दवेडा
वाटसरू, +१. आणि प्रश्नात तर ‘एक तरी’ हवं. ‘एक तरी पुस्तक वाचलंस का?’ हा साधा प्रश्न. ‘एकही पुस्तक वाचलंस का?’ असं विचारलं, तर विचारणाऱ्याला उत्तर माहीतच आहे आणि तो टोमणा मारतोय.

उत्तररात्र
हे निरीक्षण फार मोलाचं आहे. मराठीने कामं वाटून दिली आहेत. नकारात ‘एकही’, अटीत ‘एक जरी’, प्रश्नात ‘एक तरी’. इंग्रजीत या तिन्ही जागा एकटा ‘एनी’ सांभाळतो. ‘एकही’ अटीत आणि प्रश्नात येऊ शकतो, पण तिथे घरचा माणूस आधीच बसलेला असल्यामुळे ‘एकही’ आला की जोर किंवा टोमणा वाटतो.

शून्यगणित
दिशा उलटते हे समजलं. पण ते वाक्याचं वर्णन झालं, कारण नाही. ‘एकही’ या चिमुकल्या शब्दाला अनुमानाच्या दिशेशी काय देणंघेणं? ‘वाहन’ या शब्दाला काही फरक पडत नाही, तो दोन्हीकडे राहतो. ‘एकही’लाच का फरक पडावा?

उत्तररात्र
याचं उत्तर आपल्या भाषांत इंग्रजीपेक्षा स्वच्छ दिसतं, कारण शब्दाचे दोन तुकडे उघडे आहेत: ‘एक’ आणि ‘ही’. उत्पल लाहिरी यांनी १९९८ मध्ये हिंदीतल्या ‘एक भी’वर याच धर्तीची मांडणी केली. मराठीला ती जशीच्या तशी लागू पडते.

‘ही’चं एक काम ‘सुद्धा’चं. ‘त्याला शेजाऱ्यानेही ओळखलं नाही’ यात बाकीच्यांनी ओळखलं नाही हे आहेच, शिवाय शेजाऱ्याने न ओळखणं ही त्यातली सगळ्यात अनपेक्षित गोष्ट. म्हणजे ‘ही’ ज्याला चिकटतो, त्याच्याबद्दलचं विधान बाकीच्या पर्यायांपेक्षा घडायला कठीण असावं लागतं.

आता ‘एकही माणूस आला’. ‘एक’चे पर्याय कोणते? दोन, तीन, दहा. दहा आले असतील, तर एक आलाच आहे. म्हणजे या सगळ्यांत ‘एक आला’ हे खरं ठरायला सगळ्यात सोपं. पण ‘ही’ म्हणतोय की मला सगळ्यात कठीण हवं. एकाच शब्दाचे दोन तुकडे एकमेकांच्या विरुद्ध ओढताहेत, म्हणून वाक्य मोडतं.

नकार लावा. ‘एक आला नाही’, म्हणजे एकाचंही येणं झालं नाही, हे खरं असेल तर दोन आले नाहीत, दहा आले नाहीत, हे आपोआप खरं. उलट, दहा आले नाहीत म्हणून एकही आला नाही असं नाही, नऊ आलेले असू शकतात. म्हणजे नकारात ‘एक’वालं विधान सगळ्यात कठीण झालं. ‘ही’ खूश.

‘तर’चंही तेच. ‘एक चूक सापडली तर परत’ म्हटलं की दोन सापडल्या तर परत, दहा सापडल्या तर परत, हे त्यातच आलं. पुन्हा ‘एक’ सगळ्यात कडक. शून्यगणित, ‘वाहन’ शब्दाला ‘ही’ चिकटलेला नाही, म्हणून त्याला दिशेचं सोयरसुतक नाही.

शून्यगणित
पटलं, पण लगेच हरकत. ‘दहाही माणसं आली’ हे उत्तम मराठी आहे आणि अर्थ आहे ‘दहाच्या दहा आली’. ‘दोन्ही’, ‘तिन्ही’, ‘चारही’ तसेच. तुमच्या ‘ही’प्रमाणे तिथे ‘दहासुद्धा आली’ असा अर्थ यायला हवा होता. मग हा कोणता ‘ही’?

निळीशाई
मध्येच घुसते. ‘ही’ कुठे चिकटतो ते बघा ना. ‘दहाही माणसं आली नाहीत’ म्हटलं तर मला ठरलेली दहा माणसं दिसतात आणि ती सगळी गैरहजर. ‘दहा माणसंही आली नाहीत’ म्हटलं तर अर्थ बदलतो, दहाचा आकडासुद्धा गाठला नाही, आठ-नऊ आली असतील. पण ‘एकही माणूस आला नाही’ आणि ‘एक माणूसही आला नाही’ यांत मला काहीच फरक दिसत नाही.

उत्तररात्र
निळीशाई, अगदी नेमकं. संख्येला थेट चिकटलेला ‘ही’ ठरलेल्या गटाची पूर्तता सांगतो, सगळेच्या सगळे. नामाला चिकटला की ‘सुद्धा’चा अर्थ येतो. ‘एक’च्या बाबतीत गट एकाचाच, त्यामुळे पूर्तता सांगण्यात काही अर्थ उरत नाही आणि ‘सुद्धा’वालाच अर्थ बाकी राहतो.

हे दोन ‘ही’ मुळात एकच की वेगळे, यावर माझ्याकडे छातीठोक उत्तर नाही. ‘कोणीही’, ‘काहीही’, ‘कधीही’ यांत तर दोन्ही छटा दिसतात. ‘कोणीही आलं नाही’ आणि ‘कोणीही येऊ शकतं’. दुसऱ्यात नकार नाही, उलटी दिशा नाही, तरी वाक्य निर्वेध आहे, कारण तिथे ‘वाटेल तो’ असा अर्थ आहे. इंग्रजी ‘एनी’चंही हेच दुटप्पी वागणं. ‘एकही’ मात्र तिकडे जात नाही. ‘एकही येऊ शकतं’ असं होत नाही. म्हणून अभ्यासाला ‘एकही’ बरा, त्याच्यात भेसळ नाही.

निळीशाई
आता माझी अडचण. परीक्षांच्या सूचना आणि निकालपत्रकं तपासण्याचं काम करते. एकदा हे वाक्य तीन जणांच्या हातून पुढे गेलं होतं:

‘ज्यांच्याकडे ओळखपत्र नाही अशा एकाही उमेदवाराला आत सोडण्यात आले.’

वाचा पुन्हा. शेवटी ‘नाही’ गळलंय. पण पहिल्या वाचनात कुणालाच खटकलं नाही. ‘ओळखपत्र नसलेल्या एकाही उमेदवाराला आत सोडले’ हेही तसंच. हेच ‘एकाही उमेदवाराला आत सोडण्यात आले’ एवढंच असतं, तर शेंबडं पोरही म्हणालं असतं की वाक्य अर्धं आहे. हे का होतं?

उत्तररात्र
कारण कान ‘नाही’ ऐकून समाधान पावतो, ते योग्य जागी आहे की नाही हे बघत नाही. तुमच्या वाक्यातलं ‘नाही’ हे ओळखपत्राबद्दल आहे, ते ‘ज्यांच्याकडे’ या उपवाक्यात कोंडलेलं आहे. ‘सोडण्यात आले’ या क्रियापदाची दिशा ते उलटवू शकत नाही.

हा भ्रम प्रयोगांत पकडलेला आहे. २००५ मध्ये जर्मनमध्ये ड्रेनहाउस आणि सहकाऱ्यांनी ‘ज्या माणसाला दाढी नव्हती तो कधी आनंदी होता’ या धाटणीची वाक्यं लोकांना दाखवली, जर्मनमधल्या ‘एव्हर’सारख्या शब्दासकट. वाक्य व्याकरणाने मोडकंच. तरी उपवाक्यात कुठेतरी नकार असला की लोक ते जास्त वेळा ‘बरोबर’ म्हणून मोकळे होत. नकार अजिबात नसलेलं वाक्य मात्र लगेच पकडत. नंतर इंग्रजी ‘एव्हर’वरही तसंच दिसलं.

तपासणीसाठी उपाय साधा आहे. ‘एकही’ दिसला की ‘ज्या’, ‘ज्यांच्या’, ‘नसलेल्या’ हा सगळा भाग बोटाने झाका आणि उरलेलं वाक्य वाचा. उरलेल्यात नकार, ‘तर’ किंवा प्रश्न यांपैकी काहीच नसेल, तर गफलत आहे.

टवाळखोर
यापुढे मी बोटाने झाकूनच सगळं वाचणार. अर्ध्या सूचना तशाही झाकलेल्याच बऱ्या.

कोरापान
मग ‘एव्हर’ आणि ‘कधी’चं काय? ‘तू कधी गेला आहेस का?’ हे ‘एव्हर’ वाटतं. पण ‘मी कधी गेलो आहे’ असं होत नाही, ‘कधीतरी’ लागतं.

उत्तररात्र
‘कधी’ हा ‘एव्हर’चा चांगला जोडीदार आहे आणि ‘एकही’पेक्षा मोकळा फिरतो. ही जोडी बघा.

‘ज्याने कधी कर्ज घेतलंय, त्याला हे कळेल.’
‘ज्याला हे कळतं, त्याने कधी कर्ज घेतलंय.’

पहिलं सहज. दुसरं विधान म्हणून मोडतं, फार तर प्रश्न वाटेल. शब्द जवळपास तेच, पण ‘कधी’ पहिल्या वाक्यात ‘ज्या’च्या बाजूला आहे आणि दुसऱ्यात ‘त्या’च्या. ‘ज्याच्याकडे वाहन आहे त्याला कर आहे’ यावरून ‘ज्याच्याकडे सायकल आहे त्याला कर आहे’ हे निघतं. ‘ज्या’च्या बाजूला दिशा उलटी. ‘ज्याला कर आहे त्याच्याकडे वाहन आहे’ यावरून ‘त्याच्याकडे सायकल आहे’ हे निघत नाही. ‘त्या’च्या बाजूला दिशा सरळ. इंग्रजीत ‘एव्हरी’चं अगदी हेच. ‘एव्हरी स्टुडंट हू हॅज एव्हर फेल्ड’ पुढे काहीही जोडा, चालेल. ‘एव्हरी स्टुडंट हॅज एव्हर फेल्ड’ मात्र नाही. नकाराचा मागमूस नसताना एकाच वाक्याच्या दोन बाजू वेगळ्या वागतात. शब्दवेडांच्या ‘लपलेल्या नकारा’ला हे उदाहरण जड जाईल.

शब्दवेडा
जड आहे खरं. पण ‘ज्याने एकही कर्ज घेतलंय, त्याला हे कळेल’ हे मला चालत नाही. दिशा तर उलटी आहे म्हणता.

उत्तररात्र
मलाही नाही चालत, ‘एक तरी’ हवं. दिशा उलटणं आवश्यक आहे, पुरेसं नाही. बाकी काय लागतं, ते ज्या त्या शब्दाचं वेगळं.

वाटसरू
‘कधी’ निघालाच आहे तर ‘कधीच’ घ्या. ‘तो कधीच गेला नाही’ आणि ‘तो कधीच गेला’. पहिल्यात नेव्हर, दुसऱ्यात केव्हाचाच गेला! ‘नाही’ काढलं तर वाक्य मोडायला हवं होतं, इथे ते नवा अर्थ घेऊन उभं राहतं.

निळीशाई
हे भारी आहे. ‘काम कधीच संपलं’ आणि ‘काम कधीच संपलं नाही’. निकालपत्रकात ‘नाही’ गळलं तर कळणारसुद्धा नाही!

शून्यगणित
मी रात्रभर शब्द गोळा केले. ‘मुळीच’, ‘अजिबात’, ‘सुतराम’ (संबंध नाही), ‘चकार’ (शब्द काढला नाही), ‘ब्र’ (काढला नाही), ‘केसालाही धक्का’ (लागला नाही), ‘ढिम्म’ (हलला नाही). यांत दोन गट पडतात असं मला दिसतं. ‘ब्र काढलास तर याद राख’, ‘त्याच्या केसाला धक्का लागला तर बघ’ हे चालतं. ‘मुळीच बोललास तर याद राख’ किंवा ‘अजिबात वेळ असेल तर ये’ हे चालत नाही. दोन्हीकडे ‘तर’ आहे, दिशा उलटी आहे. दुसऱ्या गटाचं काय बिनसलंय?

उत्तररात्र
तो कडक गट. ‘मुळीच’ आणि ‘अजिबात’ यांना खरा नकार लागतो, ‘नाही’ किंवा ‘न बोलता’मधला ‘न’. फ्रान्स झ्वार्ट्स यांनी कडक गटासाठी वरची पायरी सुचवली. ‘कोणीही गात किंवा नाचत नाही’ म्हणजे कोणीही गात नाही आणि कोणीही नाचत नाही. ‘किंवा’ आणि ‘नाही’ मिळून ‘आणि’ होतो. ‘फार थोडे लोक गातात किंवा नाचतात’ याचे मात्र असे दोन तुकडे करून पुन्हा जोडता येत नाहीत. थोडे गातात आणि थोडे नाचतात, पण दोन्ही गट वेगवेगळे असतील तर मिळून थोडे राहत नाहीत. कडक शब्दांना पहिल्यासारखी जागा लागते, असा दावा.

शून्यगणित
थांबा. ‘तू गायलास किंवा नाचलास तर दंड’ म्हणजे गायलास तर दंड आणि नाचलास तर दंड. ‘तर’ ही वरची पायरीही चढतो. मग ‘अजिबात वेळ असेल तर’ चालायला हवं.

उत्तररात्र
बरोबर पकडलंत. ही त्या मांडणीची ओळखीची दुखरी जागा आहे. एक उत्तर असं दिलं जातं की कडक शब्द वाक्य उघडपणे सांगतं तेवढ्यावर थांबत नाहीत, वाक्याने गृहीत धरलेलं आणि सुचवलेलंही मोजतात आणि ‘तर’च्या बाजूला तिथे घोटाळा होतो. मला ते अर्धवटच पटलेलं आहे.

वाटसरू
त्याहून मोठा घोटाळा तुमच्याच ‘ब्र’मध्ये आहे. ‘ब्र काढलास तर याद राख’ चालतं. आता ‘ब्र काढलास तर बक्षीस देईन’ म्हणून बघा. हसू येतं. दोन्हीकडे ‘तर’, दोन्हीकडे दिशा उलटी. धमकीत चालतं, आमिषात नाही.

उत्तररात्र
रॉबिन लेकॉफ यांनी १९६९ मध्ये इंग्रजीवर हेच दाखवलं होतं. धमकी असेल तर ‘एनी’ शोभतो, आमिष असेल तर ‘सम’. दिशेच्या कसोटीला धमकी आणि आमिष दोन्ही सारखीच. कॅडमन आणि लँडमन यांनी १९९३ मध्ये मांडलेला विचार इथे थोडा कामाला येतो. ‘एनी’ अर्थाचा परीघ रुंदावतो, अगदी क्षुल्लक उदाहरणंही आत ओढतो आणि असं ओढल्यामुळे विधान आणखी जोरदार होत असेल तरच ते मान्य होतं. धमकी देणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं, ‘एवढुसंही चालणार नाही’. आमिष दाखवणारा मात्र एवढ्याशा कामावर बक्षीस उधळायला निघत नाही. पण ‘एकही माणूस आला तर आनंदाने नाचेन’ हे आपण वर मान्य केलंय आणि तिथे धमकी नाही. मग ‘ब्र’मध्ये धमकी मुरलेली आहे का, असा प्रश्न उरतो. मला वाटतं आहे, पण हे वाटणंच आहे.

शब्दवेडा
‘त्याने ब्र काढला तरी मला समाधान वाटेल.’ न बोलणाऱ्या लेकराची आई असं म्हणेल की. मला चालतं.

वाटसरू
‘तरी’ आणलात तुम्ही. ‘तर’ ठेवून सांगा.

शब्दवेडा
‘त्याने ब्र काढला तर मला समाधान वाटेल.’ ... बरं, जरा डगमगतंय.

कोरापान
एक शेवटचं, करारातलंच. ‘वुई डू नॉट बिलीव्ह दॅट एनी डॅमेज ऑकर्ड’ आणि ‘वुई डिड नॉट से दॅट एनी डॅमेज ऑकर्ड’. पहिलं मी ‘एकही नुकसान झालं असं आम्हाला वाटत नाही’ केलं, दुसरं ‘एकही नुकसान झालं असं आम्ही म्हणालो नाही’. पहिलं गुळगुळीत, दुसरं मला अडखळतं. ‘नाही’ दोन्हीकडे बाहेरच आहे.

उत्तररात्र
‘वाटत नाही’ हे खास क्रियापद आहे. ‘तो येईल असं वाटत नाही’ म्हणजे जवळजवळ ‘तो येणार नाही असं वाटतं’. नकार बाहेर दिसतो, पण अर्थाने आतलाच आहे. ‘म्हणालो नाही’चं तसं होत नाही. ‘तो आला असं म्हणालो नाही’ म्हणजे ‘तो आला नाही असं म्हणालो’ नव्हे. ‘एकही’ला नकार आपल्याच वाक्यात हवा असतो, इंग्रजी ‘एनी’ एक वाक्य ओलांडून आलेला नकारही चालवून घेतो. म्हणून तुमचं दुसरं इंग्रजी वाक्य ठणठणीत आणि मराठी अडखळतं. दुसऱ्यासाठी ‘काही नुकसान झालं असं आम्ही म्हणालो नाही’ करा. ‘काही’ला कसलीच अट नाही. पहिल्यातही ‘नुकसान’ मोजता येत नाही, तिथे ‘कोणतंही’ बरं.

वाटसरू
मला दुसरंही चालतं. ‘एकही माणूस आला असं मी म्हणालोच नाही.’ रोज बोलतो.

निळीशाई
‘च’ लावल्यामुळे चालत असेल. ‘च’ काढून बोलून बघा, वाटसरू.

वाटसरू
‘एकही माणूस आला असं मी म्हणालो नाही.’ चालतंय मला. खरंच.

शून्यगणित
मला नाही. घरातल्या चौघांना विचारलं, दोन-दोन मतं पडली. आणि ‘चालतं’ म्हणणाऱ्यांपैकी एकाने मी विचारल्यावर वाक्य तीनदा म्हणून बघितलं, मग म्हणाला, आता काहीच चालत नाही.